घटस्फोटाची बातमी मित्रमंडळींना सांगताना या चुका टाळा

घटस्फोटाचे कळल्यावर मित्रमंडळी नको ते बोलतात, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. मात्र बहुतेक वेळा नेमके काय ठरले आहे आणि आपण काय करावे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढेच लिहिले होते: "आम्ही वेगळे होत आहोत. कृपया कोणी काही विचारू नका." त्यानंतर काही जण महिनाभर गप्प राहिले. दोघांनी तिला न विचारता तिच्या नवऱ्याची भेट घेऊन समेटाचा प्रयत्न केला, आणि गणपतीत दोघांपैकी कोणाला बोलवावे हे न कळल्यामुळे कोणालाच बोलावले गेले नाही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण त्या दोन वाक्यांतून प्रत्येकाने आपापला अर्थ काढला होता.

पहिली चूक म्हणजे स्थिती अर्धवट सांगणे. "वेगळे होत आहोत" या शब्दांतून भांडण झाले आहे, वेगळे राहणे सुरू आहे की अर्ज दाखल झाला आहे, हे समजत नाही, आणि जिथे संदिग्धता असते तिथे आपल्याकडे मध्यस्थी सुरू होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ ब प्रमाणे परस्परसंमतीने घटस्फोट घेण्यासाठी पती-पत्नीने अर्जापूर्वी किमान १ वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. संयुक्त अर्जानंतर साधारण ६ महिने थांबून दोघांना पुन्हा न्यायालयात संमती सांगावी लागते. हा कालावधी न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणूनच हा मधला काळ मित्रांना "अजून वेळ आहे, पुन्हा विचार कर" असे म्हणण्याची संधी वाटतो. तुमचा निर्णय पक्का असेल तर "अर्ज दाखल झाला आहे, निर्णय दोघांचा आहे आणि तो बदलावा असे आम्हाला वाटत नाही" असे स्पष्ट लिहावे. निर्णय झालेलाच नसेल, तर मोठ्या ग्रुपवर मुळीच लिहू नये आणि एकदोघांशीच बोलावे.

दुसरी चूक कारण सांगण्याची आहे, आणि मला ती सर्वांत महाग पडणारी वाटते. आपली बाजू कळावी म्हणून माणूस दोन ओळींत जोडीदाराचे दोष लिहितो. त्या क्षणापासून दोघांच्या समाईक मित्रांना बाजू घ्यावी लागते, स्क्रीनशॉट दुसऱ्या बाजूला पोहोचतो, आणि पुढे मुलांचा ताबा किंवा पोटगी यांवरून वाद झालाच तर तोच मजकूर न्यायालयात दाखवला जाऊ शकतो. कारणे जवळच्या एका व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून सांगावीत. (छळ किंवा मारहाण असेल तर गोष्ट वेगळी आहे; तिथे मौन पाळू नये, जवळच्यांना सर्व सांगून मदत मागावी.)

क्रमाकडेही लक्ष द्यावे. अगदी जवळच्या दोघातिघांना आधी फोन करावा, कारण ग्रुपवर बातमी वाचणारा जिवलग मित्र दुखावतो आणि मग त्याचीच समजूत काढण्याचे काम आपल्यावर येते.

"विचारू नका" या शब्दांनी दार बंद होते, पण काय करावे हे कळत नाही. माझ्या मैत्रिणीने तीन महिन्यांनी, नवऱ्याला आधी दाखवून, दुसरा निरोप पाठवला:

"आम्ही दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला आहे. निर्णय पक्का आहे, त्यामुळे समजूत घालू नये ही विनंती. कारणांविषयी मी बोलणार नाही. तुमची त्याच्याशी मैत्री आहे ती तशीच राहू द्या. कार्यक्रमाला दोघांनाही बोलवा, कोणी यायचे ते आम्ही ठरवू. मुलीला आम्ही सांगितले आहे, पण तिच्यासमोर हा विषय काढू नका. उत्तर म्हणून 'वाचले' एवढे लिहिले तरी पुरे. मला रविवारी संध्याकाळी एकटे वाटते, तेव्हा कोणी चहाला आले तर बरे वाटेल."

यातील शेवटचे वाक्य लिहिताना तिला फार संकोच वाटत होता, परंतु सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. "काही लागले तर सांग" असे म्हणणाऱ्यांना वार आणि वेळ मिळाली, आणि त्यांनी आपसांत रविवार वाटून घेतले. समेट करायला गेलेल्या दोघांनी तिची क्षमा मागितली. दुसऱ्या संमतीच्या तारखेला शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात कोणी सोबत येईल का, हे मात्र तिने ग्रुपवर न विचारता एकीलाच फोन करून विचारले. ती रजा काढून गेली, आणि आम्ही बाकीच्यांनी त्या दिवशी "काय झाले?" असा एकही फोन केला नाही.