मराठी बातम्या वाचा, पण फोनचा आरडाओरडा बंद करून

गेल्या जुलैत आत्याचा सकाळीच फोन आला. "अरे, रेड अलर्ट म्हणतायत, शाळेला सुट्टी आहे की नाही?" तिच्या फोनवर आलेलं नोटिफिकेशन असं होतं: "कोकणाला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी?" ते प्रश्नचिन्ह तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रविवारी तिच्या घरी जाऊन फोन नीट लावून दिला. तेच इथे क्रमाने लिहितो. फोन अँड्रॉइडचा धरला आहे. कंपनीनुसार मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे असतील.

आधी मोजदाद. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन, तिथे नोटिफिकेशन हिस्टरी. ही सोय अँड्रॉइड ११ पासून आहे, पण बहुतेक फोनवर बंद असते, म्हणून सुरू करून एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी मागच्या २४ तासांत कोणत्या अॅपने काय काय पाठवलं ते सगळं दिसतं, वाचून झटकलेलंही. आत्याच्या यादीत एकाच अॅपची रांग लागली होती, आणि तिच्या जिल्ह्याशी संबंध असलेली बातमी त्यात एकच होती.

आता कात्री. पुढचं नोटिफिकेशन आलं की ते झटकू नका, त्यावर बोट दाबून धरा आणि सेटिंग्ज उघडा. त्या अॅपचे सूचनांचे प्रकार तिथे वेगवेगळे दिसतात: ब्रेकिंग, मनोरंजन, क्रिकेट, "तुमच्यासाठी" वगैरे. ब्रेकिंग ठेवा, बाकीचे बंद करा. आठवडाभराने बघा. काही अॅप राशीभविष्यही ब्रेकिंगमध्येच ढकलतात, आणि काहींनी सगळ्याला एकच प्रकार ठेवलेला असतो. अशा अॅपच्या सूचना सरळ पूर्ण बंद करा. अॅप काढायची गरज नाही, चहाच्या वेळी आपण होऊन उघडायचं. आयफोनवर 'शेड्यूल्ड समरी' ही सोय आहे, ती निवडलेल्या अॅपच्या सूचना ठरलेल्या वेळी एकगठ्ठा देते.

सूचना थांबल्या, तरी बातमी कोणाची हा प्रश्न उरतोच. डेलीहंट किंवा गुगल न्यूजसारखी अॅप स्वतः बातमी लिहीत नाहीत, दुसऱ्यांच्या गोळा करून दाखवतात. म्हणून मथळ्याआधी त्याच्या जवळ बारीक अक्षरात असलेलं प्रकाशकाचं नाव वाचायचं. नाव ओळखीचं नसेल तर त्यांच्या साइटवर तळाशी जाऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क शोधा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्यांना ते द्यावं लागतं, आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णयही. ते नाव आहे म्हणून बातमी खरी ठरत नाही, पण निदान विचारायचं कोणाला हे कळतं.

मग आत्याची ती बातमी आम्ही उघडली. मजकुरात "सूत्रांच्या माहितीनुसार" होतं, कोणत्याही आदेशाचा उल्लेख नव्हता, आणि तारीख नोटिफिकेशनच्या आदल्या दिवशीची. म्हणजे शिळा भात पुन्हा गरम केलेला. पावसाचा इशारा हवामान खातं देतं, तोही जिल्हावार आणि ठराविक दिवसांसाठी. सुट्टी मात्र जिल्हाधिकारी किंवा स्थानिक प्रशासन जाहीर करतं. तेव्हा रेड अलर्ट खरा असला तरी सुट्टी आपोआप होत नाही. खात्याचा इशारा mausam.imd.gov.in वर बघता येतो. सुट्टीसाठी बातमीत आदेश कोणी काढला, कोणत्या तालुक्यांसाठी आणि कोणत्या तारखेला, एवढं शोधायचं. या तीनपैकी एकही नसेल तर शाळेच्या ग्रुपवर विचारलेलं बरं.

शेवटी आत्याला एक वेगळंच अॅप टाकून दिलं, फीडर. ते मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. आपण निवडलेल्या प्रकाशकांचे मथळे ते वेळेच्या क्रमाने लावतं, मध्ये स्वतःची आवडनिवड घुसवत नाही. फीड म्हणजे प्रकाशकाच्या नव्या मथळ्यांची आपोआप ताजी होणारी यादी. अॅपमध्ये फीड जोडायचा पर्याय निवडून तिचा पत्ता टाकायचा. बीबीसी मराठीच्या फीडचा पत्ता असा:

```
https://feeds.bbci.co.uk/marathi/rss.xml
```

इतर वृत्तपत्रांसाठी त्यांच्या साइटचा पत्ता टाकून बघा, फीड असेल तर अॅप शोधून देतं. सगळ्यांचं असतंच असं नाही, आणि काही ठिकाणी मथळा आणि दोन ओळीच मिळतात, पुढचं साइटवर जाऊन वाचावं लागतं. यादी मात्र चार-पाच नावांपलीकडे नेऊ नका, नाहीतर तोच ढीग पुन्हा साचतो.

आत्या आता सकाळी दहा मिनिटं आणि रात्री जेवणानंतर फीडर उघडते. परवा तिनेच फोन करून सांगितलं, "आज ऑरेंज आहे रे, पण सुट्टीचा आदेश नाही."