एकच जन्मतारीख, तीन खुणा: निवृत्तीची यादी करताना या चुका टाळा

नव्यानेच रुजू झालेल्या एका कनिष्ठ लिपिक मुलीकडे पुढच्या निवृत्तींची यादी करायचं काम आलं. एका शिक्षकाची जन्मतारीख टंकलिखित उताऱ्यात 03.08.1968, ज्येष्ठता यादीत 03/08/1968 आणि संगणकाच्या यादीत 03-08-1968 अशी होती. ती घाबरली. तीन तारखा, मग खरी कुठली?

पहिली चूक इथेच होते. टिंब, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ ही टंकणाऱ्याच्या हाताची सवय असते. आधी दिवस की आधी महिना, हे ती खूण सांगत नाही. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी सेवापुस्तक उघडून दिलं. "आकडे राहू दे बाळा, अक्षरी वाच." तिथे शाईने लिहिलं होतं: तीन ऑगस्ट एकोणीसशे अडुसष्ट.

दुसरी चूक मात्र तिच्याकडून झालीच. एक्सेलमध्ये अख्खा रकाना निवडून तिने टिंबाच्या जागी तिरकी रेघ घातली. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची होती, म्हणजे आधी महिना. पडद्यावर दिसलं 3/8/1968. आपल्या डोळ्यांना तीन ऑगस्ट, एक्सेलला आठ मार्च. निवृत्तीचा दिवस आला 31 मार्च 2026. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, म्हणजे खरा दिवस 31 ऑगस्ट. माणसाची पाच महिन्यांची नोकरी गेली असती!

हे ओळखता येतं. रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर थांबा. डावीकडच्या 25/08/1968 सारख्या असतात. पंचविसावा महिना नसल्यामुळे एक्सेलने त्यांना मजकूर म्हणून सोडलेलं असतं. घात करतात त्या उजवीकडच्या, बारा किंवा त्याहून कमी दिवसाच्या. शेजारच्या रकान्यात महिना अक्षरांत काढून बघा:

```
=TEXT(B2,"dd-mmm-yyyy")
```

तिला Aug ऐवजी Mar दिसला.

एकदा उलटलेली तारीख त्याच जागी दुरुस्त करू नका. ती मूळ फाईलकडे परतली, टिंबांचा रकाना मजकूर म्हणूनच नव्याने आणला आणि त्याची एक प्रत बाजूला ठेवली. मग Data → Text to Columns, तिसऱ्या पायरीवर Date: DMY. हाच क्रम तिरक्या आणि आडव्या रेघांच्या यादीलाही लावला. निवृत्तीसाठी सूत्र:

```
=EOMONTH(B2-1,696)
```

696 म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे महिने. एक वजा करायचं कारण, एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. हे विसरलं तर तेवढेच लोक महिनाभर पुढे सरकतात आणि बाकी यादी बरोबर असल्यामुळे लक्षात येत नाही.

संध्याकाळी तिने बारापर्यंतच्या दिवसांच्या सगळ्या तारखा वेगळ्या काढल्या आणि एकेक सेवापुस्तक उघडून अक्षरी तारखेशी ताडायला बसली.