बँकेने डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी मागितली? सही करायच्या आधी घरातल्या कोणत्या वस्तूवर काय परिणाम होतो ते असं तपासा

प्रायव्हेट लिमिटेड केली म्हणजे कंपनीचं कर्ज कंपनीचं आणि आपलं घर वेगळं, हे खरंय, पण डायरेक्टर म्हणून पर्सनल गॅरंटीवर सही केली की तेवढ्या कर्जापुरती ती भिंत राहत नाही. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँकेने आधी कंपनीचा माल विकायचा आणि उरलं तरच तुमच्याकडे यायचं असा काही नियम नाही, ती थेट तुमच्याकडेही येऊ शकते.

उदाहरण घेऊ. समजा जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचा कारखाना आहे, दोन डायरेक्टर, शेअर 60 आणि 40 टक्के, 40 लाखांचं सीसी लिमिट, दोघांची गॅरंटी. धंदा बसला, खातं एनपीए झालं आणि व्याजासकट बाकी झाली 46 लाख. मशीन आणि माल विकून 18 आले, उरले 28. आता 40 टक्केवाला म्हणेल की माझ्या वाट्याचेच देतो, पण कागदावर 'जॉइंट अँड सेव्हरल' लिहिलेलं असतं म्हणून बँक त्या एकाकडूनच पूर्ण 28 लाख मागू शकते. ते भरल्यावर तो दुसऱ्याकडे 14 मागू शकतो, कारण जामीनदारांत वाटणी कायद्याने सारखी होते, शेअरप्रमाणे नाही. शेअरप्रमाणे हवी असेल तर तुम्ही दोघांनी आधीच वेगळा करार करून ठेवा, नंतर कुणी ऐकत नाही.

पहिलं काम, एक वही घ्या आणि घरातली प्रत्येक मालमत्ता कुणाच्या नावावर आहे ते लिहा.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि सही फक्त नवऱ्याची असेल तर बँक त्याच्या हिश्श्यापर्यंतच जाऊ शकते. फ्लॅट गहाण दिलेला नसेल तर सरफेसी, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, 60 दिवसांची नोटीस देऊन थेट ताबा घेता येत नाही, 20 लाख किंवा जास्त बाकी असेल तर बँकेला डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जावं लागतं आणि तिथून जप्ती होऊ शकते. त्याला वेळ लागतो, पण घर सुटलं असं समजू नका.

यावल-रावेरकडची वडिलोपार्जित शेती असली तर लोक सांगतात शेतीला हात लागत नाही. हे अर्धंच खरं आहे भाऊ. शेतजमीन सरफेसीतून वगळलीय, पण डीआरटीच्या वसुलीत सातबाऱ्यावर तुमचा जो हिस्सा असेल त्यावर जप्ती येऊ शकते. भावाचा हिस्सा वेगळा.

त्याच बँकेतली तुमची एफडी सगळ्यात आधी जाते, कारण गॅरंटीच्या कागदातच ती वळती करून घ्यायचा हक्क बऱ्याचदा लिहिलेला असतो. म्हणून घरखर्चाची एफडी दुसऱ्या बँकेत ठेवलेली बरी. पीपीएफ मात्र जप्तीपासून सुरक्षित आहे, घरातली भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि बायकोचं मंगळसूत्रही. तिचं स्त्रीधन आणि तिच्या पैशातून तिच्या नावावर घेतलेलं घर तुमच्या गॅरंटीत येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बँकेवाले कागद पुढे करतात आणि सहज म्हणतात, वहिनींची पण एक सही घ्या. ती डायरेक्टर नसेल तर कशासाठी सही हवीय ते लेखी विचारा. ती सही झाली की वर जे जे वाचलं त्यातलं तिचं स्वतःचं बरंचसं जोखमीत येतं. लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई योजनेच्या कव्हरखाली कर्ज असेल तर बाहेरच्या माणसाची गॅरंटी घ्यायची नसतेच, डायरेक्टरची स्वतःची घेता येते, एवढं मॅनेजरला सांगा.

दुसरं काम, सँक्शन लेटर आणि गॅरंटी डीड घरी आणून वाचा. 'कंटिन्युइंग गॅरंटी' आणि 'प्रेझेंट अँड फ्युचर' हे शब्द दिसले तर समजा की उद्या लिमिट 40 चं 60 झालं तरी हीच गॅरंटी चालू शकते. रक्कम ठरवून मागा, म्हणजे 40 लाख अधिक व्याज एवढीच, आणि फक्त याच खात्यापुरती. गॅरंटी पूर्ण काढायला बँक सहसा तयार होत नाही, पण मर्यादा टाकायला कधीकधी होते. रिकाम्या जागा असलेल्या फॉर्मवर सही करू नका, सही केलेल्याची कॉपी घ्या.

आणि नोटीस आल्यावर घर बायकोच्या नावावर करायचा सल्ला देणारे भेटतील. असा व्यवहार धनकोला फसवण्यासाठी केला म्हणून कोर्ट रद्द करू शकतं, वर मुद्रांक शुल्क वाया जातं ते वेगळंच.

शेवटी, पुढे डायरेक्टरपद सोडलं तर राजीनाम्याने गॅरंटी सुटत नाही. बँकेला लेखी नोटीस द्या की यापुढच्या उचलीची जबाबदारी माझी नाही, त्या दिवशीची बाकी लेखी मागून घ्या, आणि गॅरंटीतून मुक्त केल्याचं पत्र हातात पडेपर्यंत मागे लागा.