दुकानाचा विमा: आकडा दिवाळीच्या मालाचा धरा

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानाचा विचार करा. एप्रिलमध्ये विमा काढताना माल २० लाखांचा होता, तेवढाच आकडा लिहिला. दिवाळीआधी दुकान आणि पोटमाळा भरून माल ४० लाखांवर गेला आणि शॉर्ट सर्किटने १० लाखांचा माल जळाला. दुकानदाराला वाटतं, विमा २० लाखांचा आहे, म्हणजे १० लाख पूर्ण मिळणार. पण नुकसान मोजायला विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर आगीच्या दिवशी एकूण माल किती होता ते बघतो. विमा निम्म्याच मालाचा, म्हणून भरपाईही निम्मी: ५ लाख. त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली वजावट जाते.

छोट्या धंद्यांसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण इथे ती ५० टक्के आहे. खरा माल लपतही नाही. खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न आणि कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट सर्व्हेअर मागतोच.

म्हणून वर्षातल्या सर्वाधिक मालाचा आकडा धरा, तोही खरेदी किमतीने. विक्रीच्या नफ्याची भरपाई यात मिळत नाही. माल मध्येच वाढला तर एंडॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत लेखी बदल करून रक्कम वाढवून घ्या. रॅक, काउंटर, फर्निचर यांची रक्कम वेगळी लिहा.

घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्यात कुलूप किंवा शटर तोडल्याची खूण लागते, म्हणून पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत तुटलेलं कुलूप हलवू नका.