सायकलच्या चाकाने बाग मोजा, कुंपण आणि फुटपाथचा खर्च काढा (आणि माझ्यासारखे फसू नका)

सोसायटीच्या ओपन स्पेसला कुंपण घालायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, मोजायचं कशानं. तीस मीटरचा टेप असतो कुणाकडे तरी, पण तो धरायला दोन माणसं लागतात आणि सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता टेपचं दुसरं टोक धरायला कुणी येत नाही. म्हणून मी सायकल वापरतो, साधी दूधवाल्याची काळी सायकल. शाळेतलं 'चाकाचे किती फेरे' वालं गणित ते हेच.

चाकाचा एक फेरा म्हणजे चाकाच्या परिघाएवढं अंतर. परिघ म्हणजे व्यास गुणिले २२/७. व्यास बरं का, त्रिज्या नाही. पुस्तकात व्यास ७० सेंटीमीटर देतात कारण ७ ने भाग जातो, उत्तर येतं २२० सेंटीमीटर, म्हणजे २.२ मीटर. एक किलोमीटरला १००० भागिले २.२, साधारण ४५५ फेरे. एवढंच आहे ते.

पण खऱ्या चाकाला हे लावू नका. टायरवर २८ इंच लिहिलंय म्हणून त्याचा व्यास ७१ सेंटीमीटर धरला तर परिघ २.२३ मीटर येतो, आणि हवा कमी असली किंवा वजन असलं की चाक खाली दबून त्यापेक्षा कमीच चालतं. त्यापेक्षा सरळ करा, टायरवर खडूने खूण करा, खूण जमिनीला टेकवून तिथे रेघ मारा, सायकल हातात धरून सरळ ढकलत दहा फेरे न्या आणि ते अंतर टेपने मोजा. माझ्या सायकलचे दहा फेरे २२ मीटर भरले म्हणून मी एका फेऱ्याला २.२ धरतो. मोजताना हातात धरून ढकलली असेल तर बागेतही ढकलतच न्यायची, मधेच बसायचं नाही.

आता उदाहरण घेऊ. आयताकृती बाग, लांब बाजूला २० फेरे म्हणजे ४४ मीटर, आखूड बाजूला १५ फेरे म्हणजे ३३ मीटर. पूर्ण चक्कर ७० फेरे, १५४ मीटर. चारी बाजू वेगवेगळ्या मोजा, समोरासमोरच्या जुळल्या नाहीत तर चाक वाकडं गेलंय किंवा बाग चौकोनी दिसते पण नाही. जुळल्या तरी एक कर्ण पण मोजा, तो ५५ मीटर, म्हणजे बरोबर २५ फेरे, आला पाहिजे.

कुंपण सोपं आहे. ३ मीटरचं गेट वजा केलं, राहिले १५१ मीटर. काटेरी तारेच्या पाच ओळी, ७५५ मीटर तार. मीटरला १२ रुपये धरू हिशोबापुरते, ९,०६० रुपये. तार वजनावर मिळते, तेव्हा दुकानात 'या गेजची किलोला किती मीटर भरते' हे आधी विचारून घ्या. दोन खांबांत जास्तीत जास्त ३ मीटर अंतर धरू, पण खांब १५१ भागिले ३ असे काढू नका, प्रत्येक कोपऱ्यावर खांब हवाच, त्यामुळे बाजूनिहाय गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा, काढा: ४४ ला १५, ३३ ला ११, दोन-दोन धरून ५२. गेट हा त्यातलाच एक गाळा, आणि कुंपण गोल फिरून परत येतं म्हणून गाळे तितकेच खांब, ५२. आपल्याकडच्या काळ्या मातीत खड्डा उथळ घेतला तर पावसाळा सरल्यावर खांब झोपतात, ते वेगळंच.

आता खरी मेख, आतल्या कडेने फुटपाथ. इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दीड मीटर रुंदीचा पेव्हर ब्लॉकचा रस्ता कुंपणाला लागून आतून चारी बाजूंनी. पहिल्या वेळी मी ४४ मधून १.५ वजा केले, ३३ मधून १.५ वजा केले, आतलं माप ४२.५ गुणिले ३१.५ काढलं आणि मोठ्या क्षेत्रातून वजा करून मोकळा झालो, ११३.२५ चौरस मीटर. ब्लॉक मागवले. निम्मी बाग फिरून झाली आणि माल संपला! जे चेअरमन अण्णा रोज सकाळी चहा पाजायचे ते म्हणाले, "काय हो, तुम्ही तर गणिताचे पक्के म्हणत होता की." त्या दिवशी चहा आला नाही.

चूक कुठे होती? रस्ता दोन्ही टोकांना आहे. घरातली सोलापुरी चादर पसरून बघा, तिची किनार डावीकडेही आहे आणि उजवीकडेही, मधला भाग मोजायचा तर दोन्ही किनारी वजा करायला लागतात. तसंच इथे, ४४ मधून ३ वजा, ३३ मधून ३ वजा. आतलं माप ४१ गुणिले ३०, म्हणजे १२३०. बाहेरचं ४४ गुणिले ३३, म्हणजे १४५२. रस्ता २२२ चौरस मीटर. मी काढला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट.

चूक पकडायची माझी पद्धत अशी. परिमिती गुणिले रुंदी करा, १५४ गुणिले १.५ म्हणजे २३१. ह्यात आतल्या रस्त्याचे चारही कोपरे दोनदा मोजले जातात, एक कोपरा १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५, चार मिळून ९, ते वजा केले की २२२. रस्ता कुंपणाच्या बाहेरून असेल तर कोपरे उलट मोजायचे राहतात, तिथे ९ मिळवायचे, २४० येतं. उत्तर २३१ च्या आसपास नसेल तर रुंदी एकदाच धरलीय समजा आणि परत बसा. म्हणूनच काम घेताना पहिलं विचारायचं, रस्ता आतून का बाहेरून? नुसतं 'भोवती रस्ता' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

गोल बागेत हीच चूक वेगळं तोंड घेऊन येते. २१ मीटर त्रिज्येची बाग, बाहेरून ३.५ मीटर रस्ता. पोरं काय करतात, त्रिज्यांची वजाबाकी करून ३.५ चा वर्ग घेतात, त्याला २२/७ ने गुणतात, येतं ३८.५. अहो ते एवढ्याशा वर्तुळाचं क्षेत्र झालं! आधी दोन्ही वर्ग, मग वजाबाकी. किंवा सोपं, बेरीज गुणिले वजाबाकी गुणिले २२/७. २४.५ अधिक २१ म्हणजे ४५.५, गुणिले ३.५, गुणिले २२/७, बरोबर ५००.५ चौरस मीटर.

आणि शेवटचा खड्डा. ब्लॉकचा भाव चौरस फुटाला असतो, आपलं माप चौरस मीटरमध्ये. एका मीटरला ३.२८ फूट म्हणून २२२ ला ३.२८ ने गुणलं की ७२८ येतं आणि सोसायटी खूश होते, स्वस्तात पडलं म्हणून. पण एका चौरस मीटरला १०.७६ चौरस फूट, खरं उत्तर २,३९० च्या घरात. ५० रुपये दर धरला तर सुमारे १,१९,५०० रुपये, आणि कोपऱ्याला कापाकापीत ब्लॉक तुटतात म्हणून वर पाच टक्के माल मी धरतोच, साधारण २,५१० चौरस फूट मागवतो.