ओव्हर लिहिताना या चुका टाळा: ‘दिलं’ लिहिलंत, पुढे काय झालं?

“पेशंट स्टेबल, व्हायटल्स नॉर्मल, ट्रीटमेंट ऑर्डरप्रमाणे दिली.” ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरसाठी लिहितात ती नोंद म्हणजे ओव्हर. नव्या सिस्टरांची ओव्हरची वही उघडली की प्रत्येक खाटेपुढे हेच वाक्य दिसतं. यात खोटं काही नसतं. पण रात्री ८ वाजता ड्युटीवर आलेल्या सिस्टरला यातून काहीच कळत नाही: आधी कुणाकडे जायचं, काय बघायचं, किती वाजता बघायचं. बीपी, टेम्परेचर टीपीआर चार्टवर असतंच, औषधं ट्रीटमेंट शीटवर असतात. ओव्हरमध्ये लिहायचं ते तुमच्या शिफ्टमध्ये सुरू झालेलं आणि पुढच्या शिफ्टमध्ये पुरं होणारं.

सगळ्यात जास्त राहून जातं ते इन्शुलिननंतरचं जेवण. या चुकीवर मी जास्त बोलते, कारण ती काय करते ते मी पाहिलंय.

सर्जिकल वॉर्डातला, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक पेशंट. वय ६१, डायबेटिस, उजव्या पायाची चिघळलेली जखम. स्पायनल देऊन डिब्रीडमेंट झालं आणि दुपारी ३ वाजता तो वॉर्डात परत आला. ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी. संध्याकाळी ६ वाजता दुखतंय म्हणून ट्रामाडॉल दिलं. ७.१० ला जीआरबीएस, म्हणजे बोटातून रक्त घेऊन तपासलेली साखर, २३२ आली, म्हणून स्लाइडिंग स्केलप्रमाणे ८ युनिट रेग्युलर इन्शुलिन त्वचेखाली दिलं. ७.३० ला जेवणाची ट्रॉली आली. ट्रामाडॉलने बऱ्याच जणांना मळमळतं, तसं त्यालाही मळमळत होतं. दोन चमचे पेज घेऊन त्याने ओकारी केली आणि तोंड फिरवलं. ताट उचलायला आलेल्या मावशीला बायकोने सांगितलंही, “ताणें कांय खावंक ना.” मावशी ताट घेऊन गेली, आणि ते वाक्य तिथेच संपलं. ओव्हरमध्ये लिहिलं गेलं: “जीआरबीएस २३२, इन्शुलिन ८ युनिट दिलं, पेशंट स्टेबल.”

रेग्युलर इन्शुलिनचा जोर साधारण २ ते ४ तासांनी सर्वांत जास्त असतो. म्हणजे ७.१० चं इन्शुलिन रात्री ९ ते ११ च्या दरम्यान जोरात काम करणार, आणि त्या वेळी ते देणारी सिस्टर घरी पोचलेली असते. १०.४० ला बायको धावत आली. अंग घामाने भिजलेलं, बोलणं असंबद्ध. जीआरबीएस ४१. पेशंट नीट शुद्धीवर नव्हता, म्हणून तोंडाने साखरपाणी द्यायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून द्यायला सांगितलं, १५ मिनिटांनी जीआरबीएस ११८ आली, माणूस सावरला. बायको जागी होती म्हणून हे लवकर कळलं. ती डोळा लागून झोपली असती, तर रात्रीच्या सिस्टरला हा पेशंट ‘शांत झोपलेला’ दिसला असता.

त्या ओव्हरमध्ये काय असायला हवं होतं ते पुरतं लिहून दाखवते. नोट आपण इंग्रजीत लिहितो, इथे समजावं म्हणून मराठीत देते.

“खाट १४, पुरुष, ६१, डायबेटिस. उजव्या पायाचं डिब्रीडमेंट, स्पायनलखाली, दुपारी ३ ला वॉर्डात. ६ वाजता ट्रामाडॉल, त्यानंतर मळमळ. ७.१० ला जीआरबीएस २३२, रेग्युलर इन्शुलिन ८ युनिट. ७.३० ला दोन चमचे पेज, एक ओकारी, पुढे खाल्लं नाही. ७.५० ला ड्युटी डॉक्टरांना फोनवर कळवलं. ऑर्डर: मध्यरात्रीपर्यंत दर तासाला जीआरबीएस, १०० च्या खाली गेल्यास लगेच कळवणे. पहिली तपासणी ८.३० ला. ऑपरेशननंतर अजून लघवी नाही, ओटीपोट मऊ. १० पर्यंत न झाल्यास ओटीपोट तपासून डॉक्टरांना कळवणे. ड्रेसिंगवर रक्ताचा डाग, पेनाने कड आखून ७.४५ वेळ घातली आहे.”

यात ‘स्टेबल’ कुठेच नाही, तरी पेशंट डोळ्यांसमोर उभा राहतो. स्पायनलनंतर लघवी अडकू शकते, पण पेशंटला ते नेहमी जाणवतंच असं नाही, म्हणून ‘अजून झालेली नाही’ हीसुद्धा बातमी आहे. न झालेल्या गोष्टी लिहायची सवय कुणालाच आपसूक लागत नाही, ती लावून घ्यावी लागते. आणि डॉक्टरांना केलेला फोन बघा. इन्शुलिन गेलंय आणि पेशंट जेवला नाही, हे नुसतं वहीत लिहून निघून जाता येत नाही. आधी कळवायचं, मग काय कळवलं आणि काय ऑर्डर मिळाली ते लिहायचं.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. ड्युटीवर आल्याबरोबर एका कागदावर खाटांचे नंबर खाली खाली लिहिते आणि घडी घालून खिशात ठेवते. काही दिलं की वेळ तिथेच टिपते, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढते. इन्शुलिन दिलं? प्रश्नचिन्ह. ताट परत जाताना मी स्वतः बघते, किती उरलंय ते लिहिते, मगच ते खोडते. दुखण्याचं औषध दिलं? तासाभराने पेशंटला विचारून खोडते. शिफ्ट संपताना जी प्रश्नचिन्हं उरतात, तीच माझी ओव्हर. बऱ्याच नव्या मुलींना हा वेळखाऊपणा वाटतो. पावणेआठला खुर्चीवर बसून आठवून आठवून लिहायचं, नाहीतर आधीच्या शिफ्टची नोट उतरवून काढायची, हे त्यांना सोपं वाटतं. उतरवलेली नोट मला लगेच कळते: कॅन्युला सकाळी काढलेली असते, आणि संध्याकाळच्या नोटमध्ये ‘कॅन्युला पेटंट’ असते.

ओव्हर खाटेजवळ उभं राहूनच द्या. पेशंट आणि नातेवाईक ऐकत असतात, आणि तुम्ही विसरलेली गोष्ट बऱ्याचदा तेच सांगतात. कोकणीत सांगितलं असेल तर नोटमध्ये त्याचा अर्थ लिहा, पण तुमचं निदान लिहू नका.

वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं बंद करा. पेशंटची माहिती बाहेर जाते, आणि ओव्हर घेणारीला प्रश्न विचारता येत नाही.

‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. आकड्यापुढचं घाईत काढलेलं यू हे अक्षर शून्यासारखं दिसतं, आणि ८ युनिटचे ८० वाचले जातात.

‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, असं लिहिलंत तर कधीपासून आणि कशासाठी तेही लिहा. कारण न लिहिल्यामुळे तपासणी रद्द झाल्यावरही उपाशी राहिलेले पेशंट असतात.

चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. व्हाइटनर नको. घरी जाताना बसमध्ये काही आठवलं तर तिथूनच वॉर्डात फोन करा, आणि दुसऱ्या दिवशी ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून लिहा, लिहिल्याची खरी वेळ घालून.