बुटावर ‘जेन्युइन लेदर’ लिहिलंय, पण नेमकं कोणतं? लेबल वाचण्याची पद्धत

बुटाच्या आतल्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का दिसला की बहुतेकांची खात्री पटते. पण तो शिक्का एवढंच सांगतो की बुटाच्या कुठल्या तरी भागात खरं कातडं आहे. ते कोणत्या थराचं आहे, त्यावर किती रंग-प्लास्टिक चढवलंय, किंवा शिक्का ज्या पट्टीवर आहे तेवढीच पट्टी कातड्याची आहे का, यातलं काहीच त्यात येत नाही. इंटरनेटवर ‘फुल ग्रेन सर्वोत्तम, मग टॉप ग्रेन, मग जेन्युइन, शेवटी बॉन्डेड’ अशी एक उतरंड फिरत असते. तिच्यावर विसंबू नका. ‘जेन्युइन’ ही प्रत नव्हे. फुल ग्रेनचा बूटही जेन्युइन लेदरचाच असतो, आणि सगळ्यात स्वस्त अस्सल कातड्याचा बूटही.

लेबल वाचायला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. मोठ्या जनावराचं कातडं बऱ्याचदा चार ते सहा मिलिमीटर जाड असतं, तर बुटाच्या वरच्या भागाला साधारण दीड मिलिमीटर पुरतं. म्हणून कारखान्यात यंत्राच्या पट्टीसारख्या पात्यावर ते आडवं चिरून दोन-तीन थर करतात. केसांकडचा वरचा थर म्हणजे ग्रेन. तिथे तंतू बारीक आणि दाट विणलेले असतात, केसांची छिद्रंही तिथेच दिसतात. खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याचे तंतू जाड आणि सैल असतात आणि त्याला नैसर्गिक ‘चेहरा’ नसतो. लेबलवरचे जवळजवळ सगळे शब्द दोनच प्रश्नांची उत्तरं देतात: थर कोणता, आणि त्या थरावर काय केलं.

पहिली पायरी: आधी चित्रं शोधा, मग शब्द

निर्यातीचा किंवा युरोपात विकला जाणारा बूट असेल तर तळाला, जिभेच्या मागे किंवा खोक्यावर एक छोटा स्टिकर असतो. त्यात बुटाची तीन चित्रं एकाखाली एक असतात: वरचा भाग, अस्तर व आतली पट्टी, आणि बाहेरचा तळ. प्रत्येक चित्रासमोर त्या भागाच्या मालाची खूण असते. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशाने ही पद्धत ठरवली. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे कातडं. तोच आकार आणि आत पत्त्यातल्या चौकटीसारखा आकार असेल तर लेपित कातडं. विणीची जाळी म्हणजे कापड, आणि नुसती चौकट म्हणजे इतर काहीही: पीयू किंवा पीव्हीसीसारखं प्लास्टिक, रबर.

या खुणांमागचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वरच्या भागाचा किंवा अस्तराचा किमान ८० टक्के पृष्ठभाग त्या मालाचा असेल तरच एकटी खूण लागते. तळाच्या बाबतीत ८० टक्के घनफळ धरतात. एकही माल ८० टक्क्यांवर जात नसेल तर दोन मुख्य मालांच्या खुणा द्याव्या लागतात. आणि कातड्यावरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असला, पण एकूण जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत असला, तर त्याला ‘लेपित’ ही खूण लागते. कातडं भुगा करून चिकटवलेले ताव या नियमात कातडं म्हणून धरलेच जात नाहीत.

या खुणेची मर्यादाही मोठी आहे. थर कोणता हे ती सांगत नाही. पातळ लेप दिलेला स्प्लिट आणि उत्तम फुल ग्रेन, दोघांसमोर कातड्याचा तोच आकार असतो. म्हणून पुढची पायरी.

दुसरी पायरी: शब्दात काय आहे आणि काय वगळलंय ते पाहा

‘फुल ग्रेन’ म्हणजे वरचा थर, आणि तोही न घासलेला. छिद्रं, मानेवरच्या सुरकुत्या, गोचिडाचा एखादा डाग, काट्याचा ओरखडा, हे सगळं जसंच्या तसं राहतं. त्यामुळे यासाठी निवडक कातडं लागतं आणि किंमत तिथून वाढते. कापताना डागाळलेले तुकडे वगळावे लागतात, नासाडी होते.

‘करेक्टेड ग्रेन’ हाही वरचाच थर, पण डाग घालवायला एमरी कागदाने घासलेला. मग त्यावर राळ, रंगाचे थर चढवतात आणि तापलेल्या साच्याने छिद्रांसारखी नक्षी उठवतात. शाळेचे काळे बूट, ऑफिसचे चकचकीत काळे डर्बी, यांत हे फार वापरतात. विक्रेते या शब्दाला बिचकतात आणि ‘पॉलिश्ड लेदर’, ‘हाय शाइन’ किंवा नुसतं ‘लेदर’ म्हणतात. ‘टॉप ग्रेन’ हा मात्र घोटाळ्याचा शब्द आहे. काटेकोर अर्थाने त्यात फुल ग्रेनही येतो, पण बाजारात बहुधा घासलेल्या कातड्यासाठीच तो चालतो. फुल ग्रेन असता तर तसं छापलंच असतं, असं समजून चाला.

‘स्प्लिट लेदर’ क्वचितच छापतात. त्यावर पीयूचा पापुद्रा बसवला की आपल्याकडच्या व्यापारात त्याला ‘ॲक्शन लेदर’ म्हणतात, आणि लेबलवर ‘कोटेड लेदर’ किंवा ‘लेदर’ येतं. स्वेड हा मऊ लव असलेला प्रकार बहुधा स्प्लिटचा असतो. नुबक दिसायला तसाच, पण तो ग्रेनच्या बाजूने हलकं घासलेला वरचा थर असतो आणि जास्त घट्ट असतो. ‘बॉन्डेड’ म्हणजे कातड्याचा चुरा आणि चिकटवण. बुटात तो टाचेच्या आतल्या आधाराला, आतल्या पट्टीला वापरतात. तिथे चालतो, वरच्या भागाला नाही. ‘पीयू लेदर’, ‘व्हेगन लेदर’, ‘फॉक्स लेदर’ यांत कातडं नसतं, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झीन म्हणतो तो गट.

‘क्रस्ट’ हा शब्द हल्ली जाहिरातीत भारी वाटावा म्हणून येतो. खरं तर कमावून वाळवलेलं पण शेवटचा रंग-लेप न दिलेलं कातडं म्हणजे क्रस्ट. हाताने रंगवलेल्या तपकिरी बुटांत तो मुद्दाम वापरतात. शब्द खोटा नाही, पण थराबद्दल तो काही बोलत नाही.

तिसरी पायरी: कडा, वाक आणि थेंब

कडेपासून सुरुवात करा. जीभ उचला, लेसच्या भोकांजवळ किंवा मागच्या ओढायच्या पट्टीवर न मुडपलेली कापलेली कडा शोधा. खऱ्या कातड्याच्या कडेला गुंतलेले तंतू दिसतात. पीयूच्या कडेला कापडाची वीण किंवा फेसासारखा थर दिसतो. दोन्ही एकत्र दिसले, म्हणजे खाली सैल तंतू आणि वर रंगाची स्वतंत्र, गुळगुळीत, प्लास्टिकसारखी रेघ, तर लेप दिलेला स्प्लिट. फुल ग्रेनमध्ये वरची रेघ वेगळी निघत नाही, तंतू वरच्या दिशेला बारीक होत जाऊन पृष्ठभागात मिसळतात. कडा रंगाने झाकलेली असेल तर जिभेची मागची बाजू पाहा.

मग पुढचा भाग, जिथे पाय वाकतो, तिथे आतून अंगठ्याने हलका वर दाबा. फुल ग्रेनवर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडल्यावर बहुतेक मिटतात. करेक्टेड ग्रेनवर त्या थोड्या रुंद असतात. लेपित स्प्लिटवर मोजक्या, टणक घड्या पडतात. सैल कातडं सालीसारखं वर उठून ठळक वळ्या पडत असतील, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तो तुकडा जनावराच्या पोटाकडचा असण्याची शक्यता मोठी. चांगला फुल ग्रेनही पोटाकडून कापला तर लवकर विटतो. ही गोष्ट कुठल्याच लेबलवर नसते आणि मला ती प्रतीच्या शब्दांपेक्षा महत्त्वाची वाटते.

नक्षीही पाहा. छिद्रं दोन्ही बुटांवर त्याच अंतरात, त्याच ठशात पुन्हा पुन्हा येत असतील तर ती साच्याने उठवलेली आहेत. म्हशीच्या कातड्याचे दाणे मुळात ठळक असतात, त्यामुळे ते पुष्कळदा घासून नव्याने उठवतात. म्हणजे नक्षी उठवलेली असल्यानं कातडं खोटं ठरत नाही, फक्त ते करेक्टेड ठरतं.

शेवटी न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब. कमी लेपाच्या कातड्यावर तो काही वेळाने गडद डाग पाडून आत मुरतो, जाड लेपावर मणी होऊन बसतो. मेण लावलेला फुल ग्रेनही पाणी झटकतो, म्हणून या एका खुणेवर निकाल देऊ नका. वासावर तर अजिबात नको, कातड्याचा वास आता बाटलीतून मारता येतो. आणि काडी ओढून पाहायची जुनी शक्कल दुकानात केलीत तर बूट तुमच्याच गळ्यात पडेल.

एक बूट वाचून पाहू

समजा, ऑनलाइन काळा डर्बी आहे. वर्णनात ‘जेन्युइन लेदर, सोल टीपीआर, प्रीमियम फिनिश’. अस्तराचा उल्लेख नाही. अस्तर कातड्याचं असतं तर विक्रेता ते लपवणार नाही, म्हणून ते कापडाचं किंवा पीयूचं धरा. टीपीआर म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, स्वस्त आणि पकड देणारं. आता बूट घरी आला. स्टिकरवर वरच्या भागासमोर कातड्याचा आकार आणि आत चौकट. म्हणजे लेप ०.१५ मिलिमीटरच्या वर आहे. जीभ उलटली तर मागे लांब, ढिल्या तंतूंची लव, आणि कडेला चमकदार काळी रेघ. वाकवल्यावर तीन-चार टणक घड्या. निष्कर्ष: पीयूचा पापुद्रा दिलेला स्प्लिट. विक्रेता खोटं बोललेला नाही, शिक्का तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण वाकणाऱ्या जागी काही काळाने तो पापुद्रा तडकणार, आणि एकदा तडकला की पॉलिशने सांधत नाही. दमट हवेत पीयू तर कपाटात पडूनही सोलत जातो, कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच किमतीत करेक्टेड ग्रेनचा बूट मिळत असेल तर मी तो घेईन. मुंबईच्या पावसात रोज लोकलने जाणाऱ्याला फुल ग्रेनपेक्षा तो सोयीचाही पडतो: चिखल ओल्या फडक्याने निघतो, डाग आत मुरत नाही, काळी चमक लवकर येते. फुल ग्रेनला दर काही आठवड्यांनी क्रीम लागतं आणि भिजल्यावर कागद कोंबून सावलीत वाळवावा लागतो. ते करायची तयारी असेल तर जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे.

खरेदीआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न लेखी विचारा: वरचा भाग ग्रेनचा की स्प्लिटचा, आणि अस्तर कशाचं. उत्तर ‘शंभर टक्के प्युअर लेदर’ असं आलं, तर दोन्ही प्रश्न पुन्हा विचारा. आणि बूट आला की जीभ उलटी करून पाहिल्याशिवाय परतीची मुदत संपू देऊ नका.